थेंबाचं बोट

पाठीवर ‘५० मीटर’ कोरून घेतलेलं घड्याळ जुलैतल्या साध्या सरीत मालकाचं बोट ओळखेनासं होतं, तेव्हा मालकाचा चेहरा बघण्यासारखा असतो. एखाद्या पट्टीच्या पोहणाऱ्याला आंघोळीच्या बादलीत बुडताना पाहिलं तर जो चेहरा होईल, तोच. मग तो काच शर्टाला पुसतो, फुंकर घालतो, बोट पुसतो, पुन्हा काच पुसतो आणि शेवटी ‘वॉटरप्रूफ म्हणून विकतात आणि हे असं’ म्हणून कंपनीच्या नावानं बोटं मोडतो. त्या बोटांचाही घड्याळाला पत्ता लागत नाही. या भांडणात कंपन्यांची बाजू घ्यायची मला हौस नाही, पण त्या ५० मीटरवाल्या आकड्यानं लबाडी केलेली नाही. तो वेगळ्याच प्रश्नाचं उत्तर देतोय. ‘पाणी आत जाईल का?’ हा एक प्रश्न. ‘ओल्या काचेला बोट कळेल का?’ हा दुसरा. आकडा पहिल्याचं उत्तर आहे, मालकाचा संताप दुसऱ्याबद्दल आहे. सरीत अडलेल्या घड्याळाचं बहुतेक वेळा काहीच बिघडलेलं नसतं. बिघडतं ते नंतर, घरी आल्यावर, गैरसमजातून केलेल्या उपचारांनी.

काचेला बोट कळतं म्हणजे काय, तिथूनच सुरुवात करायला हवी. आपली समजूत अशी की आपण दाबतो आणि तिला कळतं. प्रत्यक्षात दाबण्याशी तिचं काही देणंघेणं नाही. काचेखाली डोळ्यांना न दिसणाऱ्या पारदर्शक वाहक पट्ट्यांचं जाळं असतं, काही आडव्या, काही उभ्या, चटईच्या विणीसारख्या. आडव्या पट्टीला विजेची हलकीशी टिचकी मारायची आणि उभ्या पट्टीत तिचा किती अंश पोचला ते मोजायचं, हा उद्योग एक बारकी चिप सेकंदाला कितीतरी वेळा करत असते. माणसाचं शरीर विजेच्या दृष्टीनं एक मोठंसं भांडं आहे. बोट जवळ आलं की पोचणाऱ्या अंशातला थोडा भाग ते स्वतःकडे ओढून घेतं आणि त्या चौकटीतलं माप घटतं. घट दिसली की चिप म्हणते, बोट आलं. म्हणजे घड्याळाच्या लेखी आपण मालक वगैरे नसून हिशेबातली तूट आहोत. या तुटीच्या जाळ्याला दुकानदार ‘टच’ म्हणतात आणि कागदोपत्री त्याचं नाव ‘डिजिटायझर’.

आता या हिशेबात पाणी येतं. एकटा थेंब काचेवर बसला तर तो गंमत करतो. त्याला कुठं टेकू नसतो, त्यामुळं तो टिचकी ओढून घेत नाही, उलट एका पट्टीकडून दुसरीकडे जायला तिला मदतच करतो. माप घटायच्या ऐवजी वाढतं. बऱ्या चिपला हे उलटं लक्षण कळतं आणि ती त्याच्याकडे काणाडोळा करते. म्हणून पावसाचे सुटे चार थेंब पडले तरी अनेक घड्याळं निमूट चालतात. पण थेंब एकटा असेपर्यंतच सज्जन. चार थेंब एकत्र आले, त्यांचं तळं झालं, तळ्याचा काठ घड्याळाच्या धातूच्या कडेला किंवा थेट मनगटाला भिडला, की त्या पाण्यामागं सबंध शरीर उभं राहतं. मग ते तळंच एक बोट होतं. पसरट, जाडजूड, अर्धी काच व्यापणारं बोट. त्यात आपण आपलं खरं बोट टेकवलं, तर चिपला बोट कुठं संपतं आणि पाणी कुठं सुरू होतं हे सांगता येत नाही. घाम तर पावसाहून वरचढ. त्यात मीठ असतं, म्हणून तो वीज अधिक सहज वाहून नेतो, आणि उगमच मनगटावर असल्यामुळं त्याला शरीराशी नातं जोडायला वेगळी खटपट करावी लागत नाही. ओली बाहीही याच गोतावळ्यातली. भिजलेल्या शर्टाची बाही काचेवर सरकली की ती घड्याळाच्या दृष्टीनं सबंध तळहात असते. म्हणूनच वर सांगितलेला ‘काच शर्टाला पुसणे’ हा उपाय भर पावसात कामाचा नाही. ओल्यानं ओलं पुसून आपण सुट्या थेंबांचं नीट सलग तळं करून देतो.

समजा, एक गृहस्थ संध्याकाळी दादर स्टेशनाबाहेर पडले आहेत. एका हातात छत्री, दुसऱ्यात भाजीची पिशवी, फोन बॅगेच्या तळाशी प्लॅस्टिकमध्ये. मनगट थरथरतं, साहेबांचा फोन. छत्रीच्या काडीवरून ओघळलेलं पाणी काचेवर आलेलं आहे आणि त्याची एक धार खालच्या कडेनं मनगटाला टेकली आहे. हिरवं बटण एका कोपऱ्यात, लाल दुसऱ्यात. गृहस्थ हिरव्यावर बोट ठेवतात. चिपला दोन बोटं दिसतात, एक त्यांचं आणि एक धारेचं. धारेचं लाल बटणाच्या जास्त जवळ आहे. साहेबांचा फोन कटतो. गृहस्थ हबकून काच पिशवीच्या कोरड्या कापडाला खसकन पुसतात. हे पुसणं बरोबर, पण पुसल्यावरही पडदा आपोआप वरखाली सरकत राहतो आणि मधूनच गाणं सुरू होतं. आता मात्र त्यांची खात्री होते की पाणी आत गेलं. ते गेलेलं नाही. चिप ‘काहीच नसताना माप किती’ याची नोंद सतत ताजी करत असते, कारण तापमान आणि दमटपणा बदलला की ते मापही बदलतं. काचेवर सुटे थेंब असताना तिनं ते वाढलेलं ओलं मापच कोरडं समजून वहीत उतरवलं. पाणी पुसताच माप त्या नोंदीपेक्षा खाली आलं, आणि खाली येणं म्हणजे बोट! धार होती तेव्हा ती बोट वाटली, थेंब गेले तेव्हा त्यांची गैरहजेरीही बोट वाटली. काच बंद करून मिनिटभर तशीच कोरडी राहू दिली, किंवा घड्याळ एकदा बंद करून सुरू केलं, की वही नव्यानं लिहिली जाते आणि भूत उतरतं. गृहस्थांना मात्र साहेबांना फोन करावाच लागतो. त्यावर उतारा नाही.

या सगळ्यावर कंपन्यांनी काढलेली तोड म्हणजे ‘वॉटर लॉक’. ॲपलनं २०१६ मध्ये सीरीज २ घड्याळासोबत ही सोय दिली, आणि आता सॅमसंगसह अनेकांकडे ती आहे. नाव ऐकून वाटतं की थेंबाचं चित्र दाबलं की आतून झडपा बंद होत असतील, रबरं आवळली जात असतील, बोटीवर वादळापूर्वी होते तशी धावपळ उडत असेल. असं काही होत नाही. वॉटर लॉक पाण्याला अडवत नाही, बोटाला अडवतो. घड्याळ एवढंच म्हणतं, ‘आता मला कुणीही शिवलं तरी मी त्याची नोंद घेणार नाही.’ हे रेनकोट घालणं नव्हे, मौनव्रत आहे. घड्याळ जितकं पाणी लॉकशिवाय सोसतं तितकंच लॉकसह सोसतं. व्रत सोडताना बाजूची कळ काही क्षण दाबून धरायची, जुन्या ॲपल घड्याळांत ती फिरवायची. मग स्पीकर काही सूर काढतो आणि स्पीकरच्या पोकळीत साठलेलं पाणी भोकांतून बारीक तुषारांनी बाहेर फेकलं जातं. स्पीकरला आवाजासाठी हवा लागते, त्यामुळं त्याची भोकं बुजवता येत नाहीत, म्हणून तिथं पाणी येऊ द्यायचं आणि नंतर ढकलून द्यायचं अशी तडजोड आहे. पण ते सूर ऐकून ‘घड्याळानं आतलं सगळं पाणी थुंकून टाकलं’ असं समजणारे पुष्कळ आहेत. ते पाणी पोकळीचं असतं, घड्याळाच्या पोटातलं नव्हे. काचेखाली गेलेला दमटपणा कितीही सुरेल वाजवलं तरी बाहेर येत नाही.

व्रताची एक अडचण अशी की ते न मागताही लागतं. पोहण्याचा व्यायाम सुरू केला की कित्येक घड्याळं आपण होऊन लॉक लावतात, आणि धावून आल्यावर घामट बोटानं भलतंसलतं चाचपडताना थेंबाचं चित्र दाबलं जाणंही अवघड नाही. मग काच उजळते, वेळ दिसते, थरथर होते, पण स्पर्श शून्य. लोक याला ‘टच गेला’ म्हणतात. पडद्यावर निळसर थेंब दिसतोय का हे आधी बघावं. दिसत असेल तर आजार नाही, उपास आहे, कळ दाबून सोडवावा. थेंब नसेल आणि काहीच हालचाल नसेल, तर दोन कळांची घड्याळं बहुधा दोन्ही कळा दहाएक सेकंद एकत्र दाबून धरल्या की नव्यानं सुरू होतात. टच मेलेला असला तरी कळा जिवंत असतात, हे या यंत्राचं मोठं भाग्य.

इथं एक वाजवी आक्षेप येतो. चिपला एकटा थेंब ओळखता येतो, तर तळंही ओळखायला शिकवा की! एवढं तंत्रज्ञान पुढं गेलंय, मग पाण्याला शरण जाऊन तोंड बंद करण्याची वेळ का यावी? शिकवलेलं आहेच. चांगल्या चिप दोन पद्धतींनी मोजतात आणि दोन्हींतल्या फरकावरून पाणी कुठलं नि बोट कुठलं हे ताडतात. पण या शहाणपणाला किंमत असते. पाणी ओळखायची अट जितकी कडक, तितकं बारीक बोट, कोरड्या त्वचेचं बोट, घाईतला ओझरता स्पर्श हेही ‘पाणी असेल’ म्हणून बाद होऊ लागतात. मनगटावरच्या काचेला जागाही कमी. फोनवर तळं एका कोपऱ्यात मावतं, घड्याळावर एक मोठा थेंब म्हणजे महापूर. दुसरा आक्षेप जुन्या लोकांचा. खरोखर दाबून चालणारे पडदे होते की, ते ओल्या हातानंही चालायचे! होते, आणि चालायचेही, कारण वरचा थर मऊ प्लॅस्टिकचा असायचा आणि तो वाकून खालच्या थराला टेकायचा. त्यावर महिनाभरात ओरखडे पडत, दोन बोटांनी काही करता येत नसे आणि उजेडात तो मळकट दिसे. कडक, चकचकीत काच हवी तर ती वाकणार नाही, आणि वाकणार नाही तर तिला बोट विजेवरूनच ओळखावं लागेल. काचेचा चकचकाट आपल्यालाच हवा होता. माझ्या मते खरा दोष आहे तो कळा कमी करण्याच्या हव्यासाचा. एकच कळ असलेलं दोन-तीन हजारांचं घड्याळ सरीत अडलं की त्याला दुसरं दार नसतं, आणि अशा बऱ्याच घड्याळांत वॉटर लॉकही नसतो. फोन उचलण्याचं काम एखाद्या कळेवर सोपवता येतं का, हे दुकानात विचारणारं गिऱ्हाईक मात्र विरळं. रंग सगळे विचारतात.

आणि आता घड्याळाच्या रेनकोटाबद्दल. काचेला ओरखडा पडू नये म्हणून लोक तिच्यावर आणखी एक काच बसवतात, बहुतेकदा चारी बाजूंनी झाकणाऱ्या प्लॅस्टिकच्या कव्हरसकट. हे कव्हर पाणी आत येऊ द्यायला पुरेसं सैल असतं आणि बाहेर जाऊ न द्यायला पुरेसं घट्ट. दोन काचांमधल्या केसभर फटीत घाम एकदा शिरला की तो तिथंच चिकटून बसतो, दोन ताटल्यांमध्ये पाणी धरून राहतं तसा. वरची काच कितीही पुसा, ती कोरडीच असते. ओल खाली आहे आणि कव्हरच्या कडेनं मनगटाशी संधान बांधून आहे. लक्षणं हुबेहूब डिजिटायझर गेल्याची: मधला भाग बधिर, कडेला आपोआप स्पर्श, दोन दिवस सुधारणा नाही. दुकानातला पोरगा नखानं कव्हर टचकन उपटतो, खालची काच पुसतो आणि घड्याळ बरं होतं. तो याचे किती पैसे घेतो हे त्याच्या सज्जनपणावर. ओरखड्याच्या भीतीनं घेतलेल्या कव्हरपायी नवा डिस्प्ले टाकायची वेळ येऊ नये, म्हणून कुठलंही निदान करण्यापूर्वी ते काढावं.

आता पहिला प्रश्न, पाणी खरोखर आत गेल्याचा. ५० मीटर म्हणजे ५० मीटर खोल जाण्याचा परवाना नव्हे. नव्या घड्याळानं तेवढ्या उंचीच्या पाण्याचा स्थिर दाब प्रयोगशाळेत सोसला, एवढाच त्याचा अर्थ. पाणी गोडं, हालचाल नाही, साबण नाही. घड्याळांच्या जलरोधकतेचं जे आंतरराष्ट्रीय मानक आहे, आयएसओ २२८१०, त्यातली एक परीक्षा मोठी गोड आहे. घड्याळ ४० ते ४५ अंश गरम फळीवर तापवायचं, काचेवर १८ ते २५ अंशांच्या पाण्याचा थेंब टाकायचा आणि मिनिटभरानं तो पुसून आतल्या बाजूला धुकं धरलंय का ते बघायचं. आत ओल असेल तर ती थंड काचेवर जमते. हीच परीक्षा आपला पावसाळा रोज फुकट घेतो. बाहेर ३० अंश आणि ८० टक्के आर्द्रता असेल, तर त्या हवेतली वाफ साधारण २६ अंशांना पाणी होऊ लागते. तशी हवा घड्याळाच्या पोटात शिरलेली असेल आणि आपण २३ अंशांच्या एसीत जाऊन बसलो, की काचेच्या आतून धुकं धरतं. बाहेरचं धुकं बोटानं पुसलं जातं, आतलं जात नाही.

ही हवा शिरते कशी? काच आणि डबा यांच्यामध्ये चिकटपट्टी आणि रबराची कडी असते. ती वर्षागणिक म्हातारी होते, घड्याळ एकदा फरशीवर आपटलं तर वेळेआधी. त्यात आपण कडकडीत पाण्यानं आंघोळ करतो. घड्याळ ४० अंशांपर्यंत तापलं आणि लगेच २५ अंशांच्या नळाखाली धरलं, तर आतली हवा आकसून दाब सुमारे पाच टक्क्यांनी घटतो, म्हणजे अर्धा मीटर पाण्याच्या दाबाएवढी ओढ आतून लागते. घड्याळ न बुडताच पाणी ओढून घेतं! साबण पाण्याचा ताण कमी करतो, त्यामुळं साध्या पाण्याला न जमणारी फट साबणाच्या पाण्याला जमते. आंघोळीला घड्याळ काढून ठेवा, हा सल्ला कंपन्या उगीच देत नाहीत.

आत ओल गेली की डिजिटायझरचा खरा आजार सुरू होतो, आणि तो ओळखायला यंत्र लागत नाही. घड्याळ रात्रभर कोरड्या जागी ठेवावं, सकाळी काच आणि बोट पुसावं आणि घड्याळातला कॅल्क्युलेटर उघडावा. एकेक आकडा दाबत जावं. आता चूक इकडेतिकडे होत असेल, कधी हा आकडा तर कधी तो, तर बाहेरची ओल किंवा काचेवर वाळलेल्या घामाचा मिठाचा पापुद्रा अजून शिल्लक आहे. गोड्या पाण्यानं ओलसर केलेल्या मऊ कापडानं पुसून कोरडं करावं. पण दर वेळी ४, ५, ६ ही सबंध आडवी ओळच मुकी असेल, किंवा एक सरळ उभा पट्टा, तर चटईतली एक पट्टीच तुटली आहे. पाण्याचं तळं वेडंवाकडं असतं, इतकी सरळ रेघ त्याला मारता येत नाही. बहुधा पट्ट्या जिथं चिपला जोडल्या जातात त्या लवचिक रिबनीच्या टोकाला ओल लागून गंज चढलेला असतो. तो वाळवून जात नाही. टच आणि डिस्प्ले एकमेकांना चिकटवलेले असल्यामुळं सगळा फोल्डरच बदलावा लागतो, आणि स्वस्त घड्याळात फोल्डरची किंमत घड्याळाच्या किमतीशी बरोबरी करू लागते. आणखी एक खूण: काच एका कडेनं जराशी वर उचललेली दिसली तर दोष पाण्याचा नसून फुगलेल्या बॅटरीचा असण्याची शक्यता आहे. मग ते घड्याळ चार्जरवर ठेवूच नये.

शेवटी तांदूळ. भिजलेलं यंत्र तांदळाच्या डब्यात पुरण्याचा विधी आपल्या घरांतून श्रद्धेनं पाळला जातो. तांदूळ बंद घड्याळाच्या पोटातली वाफ ओढून घेत नाही. त्याचा भुगा मात्र स्पीकरच्या भोकांत जाऊन बसतो. ॲपलनं तर आयफोनच्या बाबतीत तांदळाची पिशवी वापरू नका असं स्पष्ट लिहून ठेवलंय. ‘पण आमचं झालं होतं की बरं’, असं म्हणणारा प्रत्येक घरात एक असतो. झालं असेलही, कारण एक रात्र कुणी हात न लावता ठेवलं तर बाहेरच्या ओलीचं घड्याळ डाळीच्या डब्यातही बरं होतं. हेअर ड्रायरनं चिकटपट्टी मऊ पडते आणि उरलीसुरली फट मोठी होते. बंद करून, पट्टा काढून, पंख्याच्या वाऱ्यावर ठेवणं पुरतं. दोन दिवसांनी एसीत पुन्हा आतून धुकं धरलं, तर सील गेलेलं आहे आणि ते घरी बसवता येत नाही. आणि रस्त्यात, भर सरीत, वॉटर लॉक लावलेल्या घड्याळाचा उपयोग काय, असं कुणी विचारलंच तर उत्तर सोपं आहे. किती वाजले ते दिसतं.